पैसे भरले, पण एसएमएस आला नाही: सभासदांना सचिवांचे पत्र

सर्व सन्माननीय सभासद बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पतसंस्थेने ठेवी आणि कर्जहप्त्यांसाठी एसएमएस सेवा सुरू केल्यापासून शाखेत एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते आहे. पैसे भरले, पण संदेश आला नाही. कोणी फोन करून विचारतात, कोणी मोबाइल हातात धरून थेट काउंटरवर येतात. काही सभासद मात्र "नेटवर्क नसेल" म्हणून गप्प बसतात, आणि मला खरी काळजी त्यांचीच वाटते. संदेश न येण्याची कारणे दोन प्रकारची असतात. कधी फक्त संदेश हरवतो आणि पैसे खात्यात सुखरूप असतात. कधी पैसेच खात्यात पोहोचलेले नसतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. त्यातला फरक तुम्हाला घरबसल्या, शाखेत न येता, कसा ओळखता येईल ते या पत्रात सविस्तर लिहितो आहे.

सर्वात आधी आपला संदेश कसा दिसतो ते पाहू. पिग्मी, आवर्त ठेव किंवा बचत खात्यात रक्कम जमा झाली की साधारण असा मजकूर येतो:

"प्रिय सभासद, खाते क्र. ...4417 मध्ये दि. 12/06 रोजी रु. 200 जमा. शिल्लक रु. 15,000."

यात चार गोष्टी आहेत: खात्याचे शेवटचे चार आकडे, तारीख, रक्कम आणि शिल्लक. बहुतेक सभासद रक्कम तेवढी वाचतात आणि संदेश पुसून टाकतात. माझी विनंती आहे की शिल्लक वाचा, आणि निदान महिनाभराचे संदेश पुसू नका. पुढचे सगळे त्या शिलकेवरच चालते.

पिग्मीचा एक दिवस गळाला

सर्वाधिक तक्रारी पिग्मीच्या आहेत आणि ते साहजिक आहे. तिथे पैसे रोज आणि काउंटरपासून दूर दिले जातात. एजंट तुमच्याकडे येतो, रक्कम घेतो, मशीनमध्ये खाते क्रमांक आणि रक्कम टाकतो, पावती निघते. त्या क्षणी रक्कम मशीनमध्ये नोंदली गेली आहे, तुमच्या खात्यात नाही. दुसऱ्या दिवशी कामकाज सुरू झाल्यावर एजंट मशीन आणि रोख घेऊन शाखेत येतो. मशीनमधली यादी संगणकात उतरवली जाते, रोख मोजली जाते, दोन्हींची बेरीज जुळली की अधिकारी भरणा पास करतात. त्यानंतरच नोंद खात्यात चढते आणि तुम्हाला संदेश जातो. म्हणून सोमवारी संध्याकाळी दिलेल्या पैशांचा संदेश मंगळवारी दुपारपर्यंत येतो. शनिवारी संध्याकाळी दिलेल्या पैशांचा सोमवारी येतो, आणि मध्ये बँक-सुट्टी आली तर आणखी एक दिवस पुढे जातो. एवढा उशीर हा दोष नाही. पुढच्या कामाच्या दिवसाची संध्याकाळ झाली आणि तरीही संदेश नाही, तर मात्र शोध घ्यायला हवा.

तो कसा घ्यायचा, ते एका उदाहरणाने सांगतो. एका ताईंची रोज 200 रुपयांची पिग्मी आहे. सोमवारच्या पैशांच्या संदेशात शिल्लक 14,600, मंगळवारच्या 14,800, बुधवारच्या 15,000. गुरुवारी त्यांनी पैसे दिले, पण त्याचा संदेश आला नाही. शुक्रवारचा आला. आता गुरुवारचे पैसे कुठे गेले याचे उत्तर शुक्रवारच्या संदेशात आहे.

शुक्रवारच्या संदेशात शिल्लक 15,400 असेल, तर बुधवारच्या 15,000 मध्ये दोन दिवसांचे 400 मिळाले आहेत. म्हणजे गुरुवारचे पैसे खात्यात जमा आहेत, फक्त संदेश वाटेत गळाला. शाखेत यायची गरज नाही. पण शिल्लक 15,200 असेल, तर खात्यात एकाच दिवसाचे पैसे आले आहेत. इथे नेटवर्कचा काही संबंध नाही. गुरुवारचे 200 रुपये त्या खात्यात नाहीत, आणि ते शोधलेच पाहिजेत.

हा हिशेब एवढा भरवशाचा का आहे तेही सांगतो. शिल्लक ही संदेशातून संदेशात जोडली जात नाही. प्रत्येक वेळी ती खतावणीतून नव्याने उचलली जाते. मधले दहा संदेश हरवले तरी अकराव्यातली शिल्लक पूर्ण हिशेब सांगते. एजंटच्या पावतीवरही शिल्लक छापलेली असते, पण ती मशीनने स्वतः केलेली बेरीज असते: सकाळी शाखेतून भरून दिलेली शिल्लक अधिक आज घेतलेली रक्कम. पावतीवरची शिल्लक म्हणजे एजंटकडचा हिशेब, आणि संदेशातली शिल्लक म्हणजे संस्थेच्या पुस्तकातला. हे दोन आकडे जुळले की तुमचे पैसे एका हातातून दुसऱ्या हातात नीट पोहोचले.

त्या ताईंच्या बाबतीत शिल्लक 15,200 निघाली. त्यांनी गुरुवारची पावती काढून पाहिली. रक्कम 200 बरोबर होती, तारीखही बरोबर होती, पण खात्याचे शेवटचे आकडे 4417 नव्हते, 4471 होते. ते खाते त्यांच्या सासूबाईंचे. एकाच घरात दोन पिग्म्या असल्या, की दोन खाती एकापाठोपाठ उघडलेली असतात, क्रमांक जवळजवळ सारखे असतात आणि मशीनच्या छोट्या पडद्यावर दोन आकडे उलटसुलट दाबले जातात. सासूबाईंच्या खात्याचा संदेश घरातल्या दुसऱ्या मोबाइलवर गेला होता आणि तो कोणी वाचलाच नव्हता. म्हणून शिल्लक कमी दिसली, की पहिल्यांदा पावतीवरचा खाते क्रमांक बघा आणि घरातले दुसरे मोबाइल बघा. ज्यांनी पिग्मीवर कर्ज घेतले आहे त्यांनी कर्जखात्याचाही संदेश तपासावा. त्यांची दोन्ही खाती एकाच मशीनमध्ये असतात, आणि ठेवीचे पैसे कर्जात किंवा कर्जाचे ठेवीत गेल्याचे अधूनमधून दिसते.

अशी चूक पावतीसह शाखेत दाखवली की त्याच दिवशी दुरुस्त होते. एका खात्याला नावे टाकून दुसऱ्या खात्याला जमा केले जाते. त्या वेळी सासूबाईंच्या मोबाइलवर "रु. 200 नावे" असा संदेश येईल. "नावे" हा शब्द पाहून अनेकजण हबकतात, कोणीतरी पैसे काढले असे त्यांना वाटते. दुरुस्तीचा संदेश ओळखायचा तर रक्कम पाहा. आधी चुकून जमा झालेली रक्कम आणि आता नावे पडलेली रक्कम रुपयाला रुपया सारखी असते आणि शिल्लक पूर्वीच्या आकड्यावर परत येते. तसे नसेल, तर ती दुरुस्ती नव्हे. लगेच शाखेला फोन करा.

आता दुसरी शक्यता. शिल्लक कमी आहे, घरातल्या कोणत्याच खात्यात रक्कम नाही, आणि त्या दिवसाची पावतीही तुमच्याकडे नाही. एजंटने पैसे घेतले आणि "मशीनची बॅटरी उतरली आहे, उद्या दोन दिवसांची एकदम पावती देतो" असे सांगितले. हे खरेही असू शकते. बॅटरी उतरते, कागदाचा रोल संपतो. पण तसे असेल तर दुसऱ्या दिवशीच्या पावतीवर 400 रुपये दिसले पाहिजेत आणि त्याच्या संदेशातही 400 दिसले पाहिजेत. दोन्हींपैकी एकही दिसले नाही तर तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. आपले बहुतेक एजंट वर्षानुवर्षे उन्हापावसात प्रामाणिकपणे फिरतात आणि त्यांच्यावर संशय घ्या असे मी मुळीच सांगत नाही. उलट, रोज पावती आणि रोज शिल्लक पाहणारा सभासद असला, की एजंटवरही उगाच आळ येत नाही. पण "सध्या एसएमएस बंद आहेत, काळजी करू नका" असे एजंटकडून ऐकले तर ते खरे मानण्याआधी शाखेला एक फोन करा. सेवा बंद असेल तर ते शाखेला माहीत असते आणि शाखेच्या फलकावर लिहिलेले असते.

कार्डावर पेनने मांडलेला आकडा, एजंटची सही किंवा "लिहून घेतले आहे" हे शब्द म्हणजे पावती नव्हे. पावती मशीनमधूनच निघते, कारण मशीनमध्ये नोंद झाल्याशिवाय ती छापली जात नाही.

कर्जाचा हप्ता भरला, पण बाकी तेवढी कमी झाली नाही

शिल्लक पाहण्याची वर सांगितलेली रीत ठेवीच्या खात्याला लागू पडते. कर्जखात्याला तीच लावली तर गोंधळ होतो, आणि तो सध्या बराच होतो आहे. सभासद 4,000 रुपये हप्ता भरतात, संदेशात बाकी 3,185 ने कमी झालेली दिसते, आणि "आठशे रुपये कुठे गेले" असा प्रश्न येतो.

समजा मुद्दल बाकी 80,000 आहे, व्याजदर द.सा.द.शे. 12 आहे आणि मागच्या हप्त्यापासून 31 दिवस झाले आहेत. वर्षाचे व्याज 9,600 रुपये. त्याला 365 ने भागून 31 ने गुणले की 815 रुपये येतात. 4,000 मधून आधी हे 815 रुपये व्याजात जातात, उरलेले 3,185 मुद्दलात जमा होतात आणि संदेशात मुद्दल बाकी 76,815 दिसते. हिशेब बरोबर आहे, पैसे कुठेही गेलेले नाहीत.

हाच हप्ता नऊ दिवस उशिरा भरला असता, तर व्याज 40 दिवसांचे, म्हणजे 1,052 रुपये लागले असते. मुद्दलात 2,948 गेले असते आणि बाकी 77,052 राहिली असती. यात दंडव्याज धरलेलेच नाही. ते लागले असेल, किंवा पूर्वीचा नोटीस खर्च खात्यावर असेल, तर ते व्याजाच्याही आधी वळते होते: आधी खर्च, मग दंडव्याज, मग व्याज आणि शेवटी मुद्दल. एसएमएसमध्ये ही फोड बसत नाही. म्हणून कर्जाच्या संदेशात बाकी नेमकी हप्त्याएवढी कमी झाली का हे पाहू नका. तीन गोष्टी पाहा. भरलेली पूर्ण रक्कम "जमा" म्हणून दिसते का, तारीख तुम्ही भरलेल्या दिवसाची आहे का, आणि मुद्दल बाकी मागच्या संदेशापेक्षा कमी झाली आहे का.

तारखेवर खास भर देतो, कारण व्याज दिवसावर चालते. काउंटरवर रोख भरली तर पावतीची आणि संदेशाची तारीख एकच असली पाहिजे. धनादेशाने भरलेला हप्ता धनादेश वटल्यावरच जमा होतो आणि संदेशही तेव्हाच जातो. देय तारखेला धनादेश टाकला तर खात्याच्या दृष्टीने तो उशिराच आला, म्हणून धनादेश तीन-चार दिवस आधी टाका. मुद्दल बाकी सलग दोन हप्ते अगदीच थोडी कमी झालेली दिसली, तर खात्यावर थकलेले व्याज साचले आहे असे समजा आणि खातेउतारा मागा. उताऱ्यात हप्त्याची पूर्ण फोड असते.

एक वेगळी अडचण मोबाइलवरून पैसे पाठवणाऱ्यांची आहे. पतसंस्था ही बँक नव्हे. तुम्ही यूपीआय किंवा एनईएफटीने पाठवलेले पैसे बँकेतल्या संस्थेच्या खात्यात येतात, तुमच्या कर्जखात्यात थेट नाही. तुमची बँक लगेच कळवते की तुमच्या खात्यातून 4,000 गेले. तो तुमच्या बँकेचा संदेश असतो, आपल्या संस्थेचा नव्हे. आमच्याकडे बँकेच्या उताऱ्यात फक्त रक्कम आणि पाठवणाऱ्याचे नाव दिसते. मुलाच्या खात्यातून वडिलांचा हप्ता भरला, तर मुलाचे नाव दिसते आणि त्या नावाचे कर्ज आमच्याकडे नसतेच. मग रक्कम "अनामत" म्हणून पडून राहते आणि वडिलांना संदेश जात नाही. उपाय सोपा आहे. पैसे पाठवताना शेऱ्याच्या जागी कर्जखात्याचा क्रमांक लिहा, आणि त्याच दिवशी व्यवहाराचा संदर्भ क्रमांक शाखेला कळवा. यूपीआयच्या व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो, एनईएफटीला यूटीआर. तो मिळाला की उताऱ्यातली नोंद दोन मिनिटांत सापडते आणि रक्कम ज्या दिवशी संस्थेला मिळाली त्याच दिवसाने जमा करता येते. नुसता "पैसे गेले" असा स्क्रीनशॉट पुष्कळदा कामाचा नसतो, कारण त्यात संदर्भ क्रमांक कापला गेलेला असतो.

पैसे जमा आहेत, पण संदेश कधीच येत नाही

शिल्लक जुळते, पासबुक बरोबर आहे, आणि तरीही संदेश येतच नाहीत, असे असेल तर दोष पैशांत नसून संदेशाच्या वाटेत आहे. इथे बहुतेक वेळा कारण आमच्याकडे नोंदलेला मोबाइल क्रमांकच असतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या सभासद अर्जावर घरातला क्रमांक, शेजारच्यांचा क्रमांक किंवा मुलीचा लग्नाआधीचा क्रमांक लिहिलेला असतो. संयुक्त खात्यात संदेश फक्त पहिल्या नावाच्या सभासदाला जातो, हेही लक्षात घ्या. शाखेत या आणि विचारा: "माझ्या खात्याला लागलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे सांगा." पूर्ण क्रमांक काउंटरवर मोठ्याने विचारू नका आणि आमचे कर्मचारीही सांगणार नाहीत.

क्रमांक बरोबर असेल तर आपला फोन पाहा. अँड्रॉइड फोनच्या संदेश अॅपमध्ये `Spam & blocked` नावाचा वेगळा कप्पा असतो. जाहिरातींना कंटाळून एखादा सभासद सगळेच अनोळखी पाठवणारे अडवतो आणि त्यात आपली संस्थाही अडकते. त्या कप्प्यात आपला संदेश दिसला तर तो "स्पॅम नाही" असे करा. साध्या फोनमध्ये संदेशांची जागा भरली की नवे येत नाहीत, तिथे जुने जाहिरातींचे संदेश पुसा. रिचार्जची मुदत संपून काही दिवस गेले की येणारे संदेशही थांबतात. डीएनडी लावल्यामुळे मात्र आपले संदेश अडत नाहीत. डीएनडी जाहिरातींसाठी आहे, आणि खात्यातल्या व्यवहाराची माहिती देणारा संदेश "सेवा संदेश" या वर्गात येतो.

काही सभासद विचारतात की संदेशात नाव का नाही, मजकूर रोज तोच का, आणि "आज हप्त्याची शेवटची तारीख, या महिन्यात सुट्टी आहे" असे दोन शब्द का घालत नाही. यामागे नियम आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांनुसार संस्थेला, तिच्या संदेश-नावाला आणि प्रत्येक मजकुराला डीएलटी नावाच्या नोंदणीत आधी मंजुरी घ्यावी लागते. मंजूर मजकुरात रिकाम्या जागा असतात, तिथे फक्त रक्कम, तारीख, आकडे भरता येतात. बाकीचा मजकूर शब्दाला शब्द जुळला नाही तर मोबाइल कंपनी संदेश वाटेतच अडवते, आणि तुम्हाला काहीच कळत नाही. त्यामुळे एखाद्या दिवशी शाखेतल्या कोणालाच संदेश आला नाही, तर सगळ्यांचे फोन बिघडलेले नसतात. तो दोष आमच्या बाजूचा किंवा संदेश पाठवणाऱ्या कंपनीच्या बाजूचा असतो, आणि तो आम्हीच शोधायचा असतो. म्हणून शेजारच्या सभासदाला आला का, हे विचारून मग फोन केलात तर आमचा शोध लवकर लागतो.

मराठी संदेश कधी दोन तुकड्यांत येतो आणि त्यातला दुसरा तुकडा आधी येतो. कारण असे की रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये 160 अक्षरे मावतात, देवनागरीत 70, आणि काना, मात्रा, जोडाक्षरातला पाय मोडण्याचे चिन्ह ही सगळी वेगवेगळी मोजली जातात. आपला मजकूर 70 च्या पुढे जातोच. काही जुन्या फोनवर तर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. अशा सभासदांनी शाखेत सांगावे, त्यांच्यासाठी रोमन लिपीतला मजकूर मंजूर करून घेतलेला आहे.

क्रमांक बदलताना

हा भाग छोटा आहे, पण कृपया दोनदा वाचा. जिथे संदेश जातो तो क्रमांक बदलला, की तुमची राखण दुसऱ्याच्या हातात गेली. खाते तुमचे, पैसे तुमचे, आणि खबर दुसऱ्याला. म्हणून क्रमांक बदलण्याचा अर्ज एजंटकडे देऊ नका, तो कितीही विश्वासातला असला तरी. स्वतः शाखेत या, ओळखपत्र आणा, कर्मचाऱ्यासमोर सही करा. बदल झाला की जुन्या आणि नव्या अशा दोन्ही क्रमांकांवर संदेश जातो. तुम्ही अर्ज केलेला नसताना असा संदेश आला, तर त्याच क्षणी शाखेला कळवा. नवे खाते एजंटमार्फत उघडताना अर्जातली मोबाइलची रकाना स्वतःच्या हाताने भरा किंवा भरलेली वाचून घ्या. "तुमच्याकडे फोन नाही ना, मग माझाच टाकतो" ही मदत स्वीकारू नका. फोन नसेल तर रकाना कोरा ठेवा. मुलगा, सून, नात यांपैकी कोणाचा तरी द्यायचा असेल तर तसे लेखी द्या.

जुने सिम सोडून दिले असेल तर तेही कळवा. सलग 90 दिवस अजिबात न वापरलेले सिम कंपनी बंद करू शकते, आणि बंद झालेला क्रमांक पुढे दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. तुमच्या ठेवीची शिल्लक मग एका अनोळखी माणसाच्या फोनवर वाजत राहते. उलटही घडते: कोणाला तरी दुसऱ्याच खात्याचे संदेश येतात. तसे येत असतील तर पुसून टाकू नका, शाखेला कळवा. त्यातून कुणातरी सभासदाचा जुना क्रमांक आमच्या लक्षात येतो.

खोटा संदेश

आपल्या संदेशाच्या वर पाठवणाऱ्याच्या जागी दहा आकडी मोबाइल क्रमांक कधीच नसतो. तिथे दोन अक्षरे, मग संस्थेचे नोंदवलेले सहा अक्षरी नाव आणि शेवटी `-S` असते. पहिली दोन अक्षरे मोबाइल कंपनीनुसार आणि विभागानुसार बदलतात, त्यावरून घाबरू नका. शेवटचे `S` म्हणजे सेवा; जाहिरातीच्या संदेशाला तिथे `P` असते. आपल्या संदेशात कोणतीही लिंक नसते, फोन करायला सांगितलेले नसते, ओटीपी मागितलेला नसतो. "हप्ता थकला आहे, खाते गोठवले जाईल, ही फाइल उघडा" असा मजकूर व्हॉट्सअॅपवर संस्थेचे बोधचिन्ह लावून आला तरी तो आपला नाही. फाइल उघडली गेली आणि बँक खात्यातून पैसे गेले, तर आधी 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवा, मग बँकेला आणि मग आम्हाला सांगा. त्यात तास-दोन तास घालवू नका.

शाखेत येताना काय आणावे

शिल्लक जुळली नाही आणि तुम्ही शाखेत यायचे ठरवले, तर पासबुक, ज्या दिवसाचा प्रश्न आहे त्याच्या आदल्या आणि नंतरच्या दिवसाच्या पावत्या आणि मोबाइलमधले ते संदेश एवढे आणा. पावतीचा कागद उष्णतेने काळा पडतो आणि पाकिटात महिन्याभरात अक्षरे उडतात, म्हणून पावती मिळाल्याबरोबर तिचा फोटो काढून ठेवा. काउंटरवरचा कर्मचारी त्या दिवसाच्या एजंटच्या भरण्याची यादी काढेल. तुमचे नाव यादीत आहे आणि खात्यात नाही, किंवा पावती आहे आणि यादीत नाव नाही, यापैकी काय आहे ते तुमच्या समोर पाहिले जाईल. पहिले असेल तर दोष शाखेतल्या नोंदीचा आहे आणि तो तिथेच दुरुस्त होईल. दुसरे असेल तर तक्रार लेखी द्या आणि तिच्या प्रतीवर पोहोच घ्या. तोंडी सांगून घरी जाऊ नका. अशी प्रत्येक लेखी तक्रार थेट माझ्याकडे येते आणि संचालक मंडळाच्या पुढच्या सभेत ठेवली जाते.

संदेश हा पासबुकाला पर्याय नाही. वाद झाला तर पावती, पासबुक आणि संस्थेची खतावणी पाहिली जाते. संदेश फक्त वेळेवर जागे करतो. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांनी महिन्यातून एकदा पासबुक भरून घ्यावे. चालणे होत नसेल तर घरातल्या कोणाकडे पासबुक आणि सहीची चिठ्ठी देऊन पाठवावे. पिग्मीचे पासबुक भरून आणायला मात्र एजंटकडे देऊ नये. लेखापरीक्षणाच्या वेळी शिल्लक खात्रीचे पत्र घरी येते. त्यावर सही करण्याआधी त्यातला आकडा पासबुकाशी ताडून पाहावा, आणि फरक असेल तर सही न करता फरक लिहून पत्र परत पाठवावे.

कळावे,

आपला नम्र,
सचिव